सोलापूर बोलतेय: मैत्रिणीच्या मुलांना सतरा वर्षांनी लिहिलेलं पत्र

डिसेंबर २०२२ मध्ये माझ्या मैत्रिणीच्या मुलीचं लग्न झालं. मैत्रीण २००६ साली गेली, तेव्हा ही मुलगी अकरा वर्षांची होती आणि तिचा भाऊ सहा वर्षांचा. आहेर द्यायला मी स्टेजवर गेले, तेव्हा मुलीनं वाकून नमस्कार केला आणि कानाशी लागून म्हणाली, "मावशी, मम्मी कशी बोलायची हो? मला चेहरा आठवतो, आवाज आठवत नाही." तेवढ्यात फोटोवाल्यानं "पुढचे या" म्हणून हाक दिली आणि मी पायऱ्या उतरून खाली आले.

तिनं विचारायला माणूस अगदी बरोबर निवडलं होतं. मी त्या आवाजाच्या शेजारी बारा वर्षं बसले. १९८४ ते १९९६ आम्ही दोघी सोलापूरच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये, म्हणजे बाहेरगावचे फोन हातानं जोडून देणाऱ्या केंद्रात, ऑपरेटर होतो. आमची ओळखच मुळी आवाजाची. पुण्याची, मुंबईची ऑपरेटर आम्हाला कधी नावानं हाक मारायची नाही. "हॅलो सोलापूर" म्हणायची, आणि आम्ही तिला "बोल पुणे".

त्या प्रश्नाचं उत्तर पत्रानं द्यायला मला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत काय काय चुकलं, काय गाळलं आणि पत्र पोचल्यावर काय झालं ते इथे लिहिते आहे. नावं कुणाचीच दिलेली नाहीत. मुलांनी हे वाचून हो म्हटलं आहे.

पत्राआधी कुणाला विचारायचं

मैत्रिणीच्या यजमानांनी, म्हणजे दाजींनी, २००९ साली दुसरं लग्न केलं. धाकट्याला खरं तर त्याच बाईंनी वाढवलं. मी त्याआधीच, १९९६ मध्ये, बदली होऊन नाशिकला गेले होते. तेराव्याला येऊन गेले, आणि दुसऱ्या लग्नानंतर मात्र आपण मध्ये कशाला, असं ठरवून लांबच राहिले. आता त्या घरात एकाएकी पहिल्या बायकोच्या गोष्टींचा गठ्ठा टाकायचा, तर तो आधी कुणाच्या पायावर पडेल, हे बघणं भाग होतं.

म्हणून पहिला फोन दाजींना केला. मुलं सज्ञान आहेत, परवानगीची तशी गरज नव्हती. मला माहिती हवी होती. मी तीन गोष्टी विचारल्या: मुलांना आजाराबद्दल काय सांगितलेलं आहे, असं काही आहे का जे त्यांना ठाऊक नाही, आणि मुलं तिला काय म्हणतात.

तिसरा प्रश्न मी जवळजवळ विचारलाच नव्हता, आणि तोच सगळ्यांत उपयोगी पडला. दाजी म्हणाले, "ताई, तिला मम्मी म्हणतात. आई म्हणजे ही." माझ्या पहिल्या खर्ड्यात पानोपानी "तुमची आई" होतं. धाकट्यानं ते वाचलं असतं तर पहिल्या ओळीतच त्याला वाटलं असतं की ही बाई माझ्या आईला आई धरतच नाही. मी अख्ख्या पत्रात "मम्मी" केलं. फोन ठेवण्याआधी दाजींनी तो त्यांच्या पत्नीकडे दिला. त्या एवढंच म्हणाल्या, "लिहा. धाकटा विचारत नाही, पण कपाटातला तिचा स्वेटर त्यानं कुणाला देऊ दिलेला नाही."

माझी भाची समुपदेशक आहे. तिला हे सांगितलं तेव्हा तिनं एका अभ्यासाबद्दल सांगितलं. बॉस्टनमध्ये फिलिस सिल्व्हरमन आणि विल्यम वर्डन यांनी आई किंवा वडील गेलेल्या १२५ शाळकरी मुलांशी मृत्यूनंतरची दोन वर्षं वेळोवेळी बोलून नोंदी ठेवल्या होत्या. त्यात दिसलं की बहुतेक मुलं गेलेल्या माणसाला विसरायच्या मागे लागत नाहीत. त्याच्याशी मनात बोलतात, त्याची एखादी वस्तू जपून ठेवतात, आणि वय वाढतं तसा त्या माणसाबद्दलचा प्रश्नही बदलतो. अकराव्या वर्षी "मम्मी कुठे गेली" असतं, अठ्ठाविसाव्या वर्षी "ती माझ्या वयाची असताना कशी होती" असतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर घरच्यांकडे नसतं. ते मैत्रिणींकडे असतं. हे ऐकून माझी भीड बरीच गेली.

पहिला खर्डा आणि त्यात काय बिघडलं

पहिला खर्डा नऊ पानांचा झाला. तो आज वाचते तेव्हा लाज वाटते.

पहिली तीन पानं मी इतकी वर्षं का आले नाही यावर होती. बदली, सासूबाईंचं आजारपण, माझं गुडघ्याचं ऑपरेशन. म्हणजे त्या मुलांनी आईच्या गोष्टी वाचायला पाकीट उघडायचं आणि आधी माझी समजूत काढायची. ती तीन पानं शेवटी तीन वाक्यांवर आली.

पुढची दोन पानं विशेषणांची होती. प्रेमळ, कष्टाळू, हसतमुख, सगळ्यांना मदत करणारी. यातला एकही शब्द खोटा नव्हता, पण ही विशेषणं मी कुणाच्याही श्रद्धांजलीत लावू शकले असते. मुलांनी तेराव्याच्या दिवशी हेच ऐकलं होतं. आणि खरं सांगायचं तर ती सदानकदा हसतमुख नव्हती. सकाळी सहाच्या ड्युटीला तिच्याशी सातपर्यंत कुणी बोलायचं नाही, हा आमच्याकडे अलिखित नियम होता. मी मग एक चाळणी लावली: जे वाक्य दुसऱ्या एखाद्या बाईबद्दलही चालेल ते काढायचं. दोन पानांतलं काहीच उरलं नाही.

तिसरी गडबड सगळ्यांत मोठी होती, आणि ती माझ्या लक्षातही आली नव्हती.

किल्लारीची रात्र

ऑपरेटरांच्या गप्पांत मी गेली तीस वर्षं एक गोष्ट सांगत आले आहे. २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. विसर्जनं रात्री उशिरापर्यंत चालली, आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. सोलापूरही हादरलं, माणसं रस्त्यावर आली. ट्रंक एक्स्चेंजमध्ये बोर्डावरचे सगळे दिवे एकदम लागले. मुंबईहून, पुण्याहून, सुरतेहून लोक औसा आणि उमरग्याकडचे कॉल मागत होते, आणि तिकडच्या लाईनी मेल्या होत्या. मैत्रीण दुपारपर्यंत खुर्चीवरून उठली नाही. ही गोष्ट मी नेहमी "आम्ही दोघी नाईटला होतो" अशी सुरू करते. खर्ड्यातही तशीच सुरू केली, आणि बोर्डावरचे दिवे, हलणारे दोरे, भिंतीवरचं घड्याळ, सगळं डोळ्यांसमोर असल्यासारखं लिहिलं.

पाठवण्याआधी मी तो भाग आमच्या त्या वेळच्या एका सुपरवायझर बाईंना फोनवर वाचून दाखवला. नंबर आणि तारखा तपासाव्यात एवढाच हेतू. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, पण तू कुठे होतीस? तू बार्शीला होतीस की. तुझ्या घरच्या गणपतीला."

मी वाद घातला. मग रात्री अंथरुणावर पडल्यावर एक आवाज आठवला: बार्शीच्या घरात फडताळावरची पितळी भांडी एकमेकांवर आपटल्याचा, आणि वडिलांनी "बाहेर व्हा" म्हणून दिलेल्या हाकेचा. ते घर सोलापुरात नव्हतं. मी त्या रात्री एक्स्चेंजमध्ये नव्हतेच. ती नाईट माझी होती, आणि विसर्जनाला घरी जायचं म्हणून मी ती तिला दिली होती.

बोर्ड, दिवे, सुरतेचे कॉल, हे सगळं मला दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलं होतं. सांगून सांगून मी स्वतःला त्या खोलीत नेऊन बसवलं, आणि तिनं माझ्यासाठी केलेली गोष्ट त्या भरात पुसून टाकली. मी खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. पण पत्रात हे तसंच गेलं असतं, आणि मुलांनी पुढे आपल्या मुलांना तसंच सांगितलं असतं.

त्यानंतर मी सगळे कागद पसरून बसले आणि प्रत्येक गोष्टीच्या पुढे तीनपैकी एक अक्षर लिहिलं. "पा" म्हणजे मी स्वतः पाहिलेलं, "ति" म्हणजे तिनं मला सांगितलेलं, "इ" म्हणजे इतरांकडून कानावर आलेलं. "इ"चा दुसरा साक्षीदार मिळाला नाही तर ती गोष्ट गाळली. बावीस गोष्टींतल्या नऊ उरल्या. गाळलेल्यांत एक मला फार आवडणारी होती. ती अशी, की त्या रात्रीपासून ती कधी "लाईन डेड आहे" म्हणाली नाही, "लाईन बंद आहे" असंच म्हणायची. हे मला कुणी सांगितलं, की मीच जुळवलं, याचा काही केल्या उलगडा होईना. सुपरवायझर बाईंनाही आठवेना. मी ती ओळ खोडली.

काय सांगायचं नाही

दोन गोष्टी मी मुद्दाम ठेवल्या नाहीत. एक, लग्नाआधीची, तिनं "कुणाला सांगू नकोस" म्हणून सांगितलेली. ती गेली म्हणून तो शब्द सुटत नाही. दुसरी, शेवटच्या आजारातला तिचा दाजींवरचा राग. तो मी एकाच भेटीत पाहिला, चाळीस मिनिटं, वेदनाशामक उतरल्यावर. त्या चाळीस मिनिटांवरून वीस वर्षांच्या संसाराबद्दल मुलांना काही सांगण्याचा मला हक्क नाही.

मात्र तिचे दोष मी ठेवले. फटकळपणा ठेवला, सुट्टीसाठी खोटं बोलणं ठेवलं. आईच्या फक्त चांगल्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मुलीला स्वतःला राग आला की वाटतं, हा कुठून आला? तिला तो कुठून आला ते कळायला हवं.

आवाजासाठी मी कॅसेट शोधली. १९९० साली एकांच्या निवृत्तीच्या कार्यक्रमात ती बोलली होती आणि ते रेकॉर्ड झालं होतं, हे पक्कं. कॅसेट सापडलीही. तिच्यावर नंतर कुणी तरी भजनं भरली होती. मग वाटलं, आपणच तिची नक्कल करून फोनवर ध्वनिमुद्रित करून पाठवावी. मी नक्कल बरी करते. पण ती करून ऐकली आणि पुसून टाकली. मुलीच्या डोक्यात आवाजाची जागा रिकामी आहे. तिथे माझा आवाज जाऊन बसला असता, आणि पुढे कधी खरी कॅसेट सापडली तरी तिला ती परकी वाटली असती. आवाजाचं वर्णन करायचं ठरवलं, नक्कल नाही.

पाठवणं

पत्र थेट पाठवलं नाही. आधी दोघांना वेगवेगळा एक छोटा व्हॉट्सअ‍ॅप केला: "मम्मीच्या नोकरीच्या काळातल्या काही आठवणी लिहिल्या आहेत. वाचायच्या असतील तर पत्ता कळव, पोस्टानं पाठवते. घाई नाही. नको असेल तर उत्तर दिलं नाहीस तरी मला समजेल." पोस्टानं अशासाठी, की फोनवरचा मजकूर माणूस कुठे असताना उघडेल सांगता येत नाही. ऑफिसच्या मीटिंगमध्ये, लोकलमध्ये. पाकीट माणूस आपल्या वेळेला फोडतो.

मुलीचं उत्तर चार मिनिटांत आलं. मुलाचं अकरा दिवस आलं नाही. मी पुन्हा विचारलं नाही. बाराव्या दिवशी फक्त पत्ता आला, वर-खाली एक शब्द नाही.

दिवस निवडताना श्राद्धाची तिथी, पितृपक्ष आणि तिचा वाढदिवस टाळले. त्या दिवशी घरात आधीच काहीतरी चाललेलं असतं. एप्रिलमधला एक साधा मंगळवार बघून पाकिटं टाकली. दोघांना एकच पत्र लिहिलं, कारण वेगवेगळं लिहिलं असतं तर त्यांनी ते शेजारी ठेवून पाहिलंच असतं. झेरॉक्स कुणाला आणि मूळ कुणाला, हा प्रश्न नको म्हणून दोन्ही प्रती हातानं लिहिल्या. ही काळजी माझ्याच अंगाशी आली, ते पुढे येईल.

पत्र

त्यातला बराचसा भाग असा:

"तुम्हा दोघांना अनेक आशीर्वाद.

सतरा वर्षं मी आले नाही. कारणं होती, पण ती तुमच्या कामाची नाहीत. चूक माझीच.

मम्मी कशी बोलायची, हे सांगते. आवाज जाडसर होता, बायकांच्या मानानं खालच्या पट्टीतला. ड्युटीवर आम्ही आकडे इंग्रजीत सांगायचो, आणि खराब लाईनवर फाईव्ह आणि नाईन सारखेच ऐकू येतात. म्हणून ती नाईन लांबवायची, 'नाऽऽईन'. ती सवय इतकी मुरली की दुधाचा हिशेब करतानाही तिचा नाईन तसाच निघायचा. सोलापुरात मराठी, कानडी, तेलुगू तिन्ही चालतात, आणि तिला तिन्ही येत होत्या. कॉल जोडून दिला की पलीकडचा माणूस कोणता ते ओळखून ती म्हणायची 'बोला', नाही तर 'माताडी', नाही तर 'माट्लाडंडी'. चुकली तर जीभ चावायची. ती जीभ चावणं मला अजून दिसतं.

तुम्हाला ट्रंक कॉल माहीत नसेल. बाहेरगावी बोलायचं तर १८० फिरवून आमच्याकडे नंबर नोंदवायचा. आम्ही तिकिटावर लिहायचो, त्या गावच्या ऑपरेटरला गाठायचो आणि बोर्डावर दोरा लावून दोघांना जोडून द्यायचो. साधा कॉल लागायला कधी अख्खा दिवस जायचा. अर्जंटला दुप्पट पैसे, लाइटनिंगला आठपट. तीन मिनिटं झाली की मध्ये बोलून विचारायचं, वाढवायचं का. याबाबतीत मम्मी फार कडक. तुमच्या आजोबांशी स्वतः बोलत असली तरी घड्याळ बघून म्हणायची, 'अण्णा, तीन मिनिटं झाली, ठेवते.' अण्णांनी एकदा माझ्याकडे तक्रार केली होती.

कडक असली तरी साधी नव्हती. १९८७ च्या जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याला जायला आम्हाला सुट्टी मिळेना. तिनं सुचवलं, दोघी आजारी पडू. होम मैदानावर आकाशपाळण्यात बसलो, आणि पाळणा वर जाऊन थांबला तेव्हा खाली रांगेत आमचे सुपरवायझर नातवाला खांद्यावर घेऊन उभे. ती म्हणाली, 'पदर घे तोंडावर.' आम्ही दोघींनी पदर घेतला, आणि त्यामुळेच त्यांनी आमच्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी ते काही बोलले नाहीत. दोघींना आठवडाभर बुकिंगवर बसवलं. तिथे दिवसभर लोकांच्या शिव्या खायच्या असतात. त्या आठवड्यात ती माझ्याशी बोलली नाही, कारण पाळण्यात बसायचा हट्ट माझा होता.

आता एक मी पाहिलेली नाही, तिनं मला सांगितलेली गोष्ट. किल्लारीचा भूकंप झाला त्या रात्री ड्युटी माझी होती. मी बार्शीला घरच्या विसर्जनाला गेले होते, आणि माझ्या जागी मम्मी बसली होती. पहाटे चारपासून सगळीकडून कॉल यायला लागले आणि तिकडच्या लाईनी गेल्या होत्या. मुंबईहून एक माणूस उमरग्याचा कॉल मागत होता. नियमानं त्याला 'लाईन नाही' सांगून तिकीट रद्द करायचं. ती त्याला म्हणाली, 'तुम्ही ठेवा, मी लावत राहते.' दुपारी एकपर्यंत ती मधूनमधून लावत राहिली. लागला नाही. त्या माणसाचं पुढे काय झालं, तिला कधीच कळलं नाही. संध्याकाळी मी आले तेव्हा ती घरी झोपली होती, आणि कानावर हेडसेटचा वळ होता. हा वळ मी पाहिला आहे.

तुमच्या जन्मानंतरच्या गोष्टी माझ्यापेक्षा बाबांना जास्त ठाऊक आहेत. काही विचारावंसं वाटलं तर विचारा. आठवत नसेल तर तसं सांगेन."

सोबत १९८५ चा स्टाफचा फोटो होता. मागे डावीकडून उजवीकडे सगळ्यांची नावं, आणि ज्या दोन आठवत नव्हत्या तिथे रेघ.

पोचल्यावर

नऊ दिवसांनी मुलाचा फोन आला. लग्नातल्या "नमस्कार मावशी"नंतरचं त्याचं माझ्याशी पहिलं बोलणं. काही प्रस्तावना नाही.

"मावशी, ताईच्या पत्रात आहे, 'तिनं माझी ड्युटी घेतली'. माझ्या पत्रात आहे, 'मी तिला ड्युटी घ्यायला लावली'. यातलं कुठलं?"

मी वर दिलेल्या मजकुरात ते वाक्यच बदललं आहे. मूळ दोन प्रतींत ते दोन तऱ्हांनी पडलं होतं. मुलीची प्रत मी आधी लिहिली, तेव्हा हात सौम्य चालला. मुलाची दुसऱ्या दिवशी लिहिली, तेव्हा तोच हात खरं बोलून गेला. मी त्याला सांगितलं: तुझं बरोबर आहे. तिला त्या रात्री यायचं नव्हतं. तिच्याही घरी गणपती होता. मी दोन दिवस मागे लागले होते.

तो जरा थांबला आणि म्हणाला, "मग तिनं नंतर ऐकवलं असेल तुम्हाला."

ऐकवलं होतं. महिनाभर. ती कशी ऐकवायची ते सांगायला लागले तेव्हा तो हसला. तो हसताना ऐकून माझ्या अंगावर काटा आला, पण ते मी त्याला सांगितलं नाही. तू अगदी आईसारखा हसतोस, हे वाक्य त्याच्या वाट्याला नातेवाइकांकडून पुरेसं आलं असणार.

त्याला शेवटच्या दिवसांबद्दलही विचारायचं होतं. ती घाबरली होती का? मी म्हटलं, शेवटच्या आठवड्यात मी तिथे नव्हते, त्यामुळे मला माहीत नाही. त्याआधी महिनाभर भेटले तेव्हा ती तुझ्या शाळेच्या बुटांबद्दल बोलत होती, जूनमध्ये एक माप मोठे घ्यायला लागतील म्हणून. यापुढचं बाबांना विचार. त्यानं विचारलं की नाही ते मी विचारलेलं नाही.

मुलीनं मात्र लिहूनच उत्तर पाठवलं, दोन महिन्यांनी, साडेतीन पानी. सुरुवातीला तिची तक्रार होती की पत्रात ट्रंक कॉलचं फार आहे आणि मम्मी कुठली साडी नेसायची याचं काही नाही. मान्य. मी लगेच कळवलं: ड्युटीवर नायलॉन, कारण इस्त्री लागत नाही, आणि पदराला नेहमी पेन अडकवलेलं. मग लिहिलं होतं की "नाऽऽईन" वाचून तिला आवाज आठवला नाही, पण पाढे आठवले. मम्मी पाढे म्हणून घ्यायची तेव्हा नऊचा पाढा इंग्रजीत घ्यायची आणि सगळे नाईन ओढायची. मुलीला वाटायचं, नऊचा पाढा असाच म्हणतात. तिसरीत वर्गात ती तसाच म्हणाली आणि सगळे हसले. हे तिनं गेली वीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

शेवटच्या पानावर, सहीच्या खाली, वेगळ्या शाईत एक ओळ होती:

"ता. क. मावशी, एक विचारायचं राहिलं. घरचा फोन बिघडला आणि मी 'फोन डेड झाला' म्हटलं की मम्मी ओरडायची, 'डेड नाही, बंद म्हण'. आम्हाला वाटायचं तिला इंग्रजी शब्द आवडत नाहीत. पण इतर इंग्रजी शब्द तर ती सर्रास वापरायची. हे काय होतं, तुम्हाला माहीत आहे का?"

मी खोडलेला कागद रद्दीत गेला नव्हता. तो काढला, त्या ओळीपुढचं "इ" खोडून तिथे मुलीचं नाव लिहिलं, आणि तिला फोन लावला.